वेदनेचा तक्ता रुग्ण हलत असताना भरा: परिचर्या प्रमुखांना खुले पत्र

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांचे आणि रुग्णालयांचे सन्माननीय परिचर्या प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अशाच एका कक्षात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. ज्या रुग्णांना ‘कुठे दुखते’ हे सांगता येत नाही, त्यांच्या वेदनेचा तक्ता आपल्यापैकी बहुतेकांकडे आहे. तो दररोज भरला जातो, त्यावर सही होते आणि तो फाइलला लागतो. तक्ता नाही अशी माझी तक्रार नाही. तो ज्या वेळी भरला जातो, त्या वेळी रुग्णाला दुखत असण्याची शक्यता सर्वांत कमी असते, एवढ्या एकाच गोष्टीविषयी मी आपणांस लिहीत आहे. ही वेळ बदलण्याचा अधिकार परिचर्या प्रमुखांकडे आहे, म्हणून पत्रही त्यांनाच आहे.

आमच्या कक्षातील एका आजींचे उदाहरण देते. वय 82, वजन 45 किलो, अल्झायमरचा आजार खूप पुढे गेलेला, बोलणे दोन-तीन शब्दांपुरते उरलेले. त्यांच्या नोंदवहीत तीन आठवडे एकच वाक्य फिरत होते: ‘अंघोळीला विरोध करतात, ओरडतात, मारतात, सहकार्य नाही.’ याच तीन आठवड्यांत वेदनेच्या तक्त्यावर रोज शून्य लिहिलेले होते, आणि ते खोटे नव्हते. तक्ता सकाळी दहा वाजता, फेरीच्या आधी भरला जात असे. त्या वेळी आजी अंघोळ आणि न्याहारी उरकून उशीला टेकून शांत पडलेल्या असत. सिस्टर दारातून पाहत, श्वास संथ, चेहरा निवांत, हात पोटावर, आणि पाचही रकान्यांत शून्य भरून पुढच्या खाटेकडे जात. एका बाजूला ‘आक्रमक’ अशी नोंद आणि दुसऱ्या बाजूला ‘वेदना शून्य’ असा तक्ता, अशी दोन कागदांची साक्ष डॉक्टरांसमोर गेली आणि वर्तन शांत करणारे मनोविकाराचे औषध सुरू झाले. डॉक्टरांना मी दोष देत नाही. आम्ही जे लिहून दिले, त्यावरूनच त्यांनी निर्णय घेतला.

आम्ही वापरतो तो तक्ता ‘पेनॅड’ या नावाने ओळखला जातो. वॉर्डन, हर्ले आणि व्होलिसर यांनी तो 2003 साली प्रसिद्ध केला. त्यात श्वास, तोंडून निघणारा त्रासाचा आवाज, चेहरा, देहाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणे अशा पाच गोष्टी पाहायच्या असतात. प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण, म्हणजे एकूण 0 ते 10. अधूनमधून कण्हणे किंवा नाराजीच्या सुरात पुटपुटणे याला 1, वारंवार हाका मारणे, मोठ्याने विव्हळणे किंवा रडणे याला 2. कपाळाला आठ्या, भेदरलेला किंवा उदास चेहरा याला 1, वेदनेने पिळवटलेल्या चेहऱ्याला 2. अंग ताणलेले असणे, चुळबुळ किंवा अस्वस्थ येरझाऱ्या याला 1. मुठी आवळणे, गुडघे पोटाशी घेणे, ढकलणे किंवा मारणे याला 2.

हे शेवटचे शब्द कृपया पुन्हा वाचावेत. ‘ढकलणे’ आणि ‘मारणे’ तक्त्यातच वेदनेची खूण म्हणून छापलेले आहेत. आमच्या नोंदवहीत मात्र तीच कृती ‘सहकार्य नाही’ या शीर्षकाखाली गेली, कारण ती घडली तेव्हा तक्ता कुणाच्याच हातात नव्हता.

गुण देण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे पाहावे, आणि केवळ विश्रांतीत नव्हे तर शुश्रूषा चालू असताना व औषध दिल्यानंतरही पाहावे, हे वापरण्याच्या पद्धतीतच अंतर्भूत आहे. याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. वृद्धांची बरीचशी वेदना सांधे, स्नायू, मणके आणि जुने अस्थिभंग यांतून येते, आणि ती भाग हलला की जागी होते. ज्याला बोलता येते तो रुग्ण स्वस्थ पडल्या पडल्याही सांगतो की उठताना गुडघ्यातून कळ येते. ज्याच्याकडे शब्द उरलेले नाहीत, त्याची कळ फक्त उठवतानाच दिसते, आणि पुन्हा पडल्यावर तिचा मागमूस राहत नाही. म्हणून दहा वाजताचे शून्य एवढेच सांगते की दहा वाजता त्या हलत नव्हत्या.

आम्ही आजींचा तक्ता अंघोळीच्या वेळी भरायचे ठरवले. मदतनीस ताईंनी नेहमीप्रमाणे काम करायचे आणि मी बाजूला उभे राहून फक्त पाहायचे. आम्ही अंघोळीचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे गुण दिले. कूस बदलताना कपाळावर क्षणभर आठी आली, एकूण गुण 1. खाटेच्या कडेला बसवताना अंग थोडे ताणले गेले, पुन्हा 1. कोमट पाण्याने पाय धुताना शून्य. पाय पाण्यात असताना त्या चक्क गुणगुणत होत्या. डाव्या हाताची बाही उतरवताना 1. मग ताईंनी उजवा हात वर उचलून बाही ओढली, आणि हात खांद्याच्या उंचीला पोहोचण्याआधीच आजींचे डोळे घट्ट मिटले, वरचा ओठ आक्रसला, श्वास भराभर चालू लागला, त्या मोठ्याने रडल्या आणि डाव्या हाताने त्यांनी ताईंच्या मनगटावर फटका मारला. हात खाली घेऊन पाठीवरून हात फिरवल्यावर अर्ध्या मिनिटात त्या शांत झाल्या. श्वास 1, आवाज 2, चेहरा 2, देह 2, शांत होणे 1. एकूण 8.

या एका नोंदीने तीन आठवड्यांचा गोंधळ सुटला. अंघोळीची किंवा पाण्याची भीती असती तर पाय धुताना दिसली असती. अनोळखी स्पर्शाचा राग असता तर डाव्या हातालाही आला असता. त्यांचा विरोध अंघोळीला नव्हताच, तो उजवा खांदा उचलण्याला होता. डॉक्टरांनी तपासले तेव्हा खांदा आखडलेला निघाला. तो बाहेरच्या बाजूला जेमतेम निम्मा जात होता आणि फिरवताना चेहरा पुन्हा तसाच पिळवटत होता.

उपाय फार मोठा नव्हता. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल 650 मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, ठरल्या वेळी द्यायला सांगितले. सकाळची मात्रा सहाला आणि अंघोळ सातला, म्हणजे औषधाचा परिणाम चढलेला असताना. ‘गरज पडल्यास द्यावे’ असे त्यांनी मुद्दाम लिहिले नाही. गरज पडल्यास मिळणारे औषध मागावे लागते, आणि या रुग्णाला नेमके मागताच येत नाही. दुसरा बदल कपड्याचा होता. समोरून उघडणारा सैल झगा आणला. उतरवताना निरोगी डावा हात आधी काढायचा, घालताना दुखऱ्या उजव्या हाताची बाही आधी चढवायची, म्हणजे दुखरा खांदा उचलावाच लागत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच क्षणाचे गुण 4 होते. दुसऱ्या आठवड्यात 2: किंचित कण्हणे आणि कपाळाला एक आठी. त्यानंतर डॉक्टरांनी मनोविकाराचे औषध टप्प्याटप्प्याने बंद केले. ते बंद होणे ही लहान गोष्ट नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या गटातील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 सालीच दिलेला आहे. शिवाय गुंगी आलेला रुग्ण मारत नाही, कण्हतही नाही. वेदना तशीच राहते आणि तक्ता मात्र कोरा होतो.

हा आमचा एकटीचा योगायोग नव्हे. नॉर्वेतील 18 शुश्रूषागृहांत, मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश आणि वर्तनाचा त्रास असलेल्या 352 रुग्णांवर केलेला अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्या रुग्णांच्या वेदनेवर आठ आठवडे पायरीपायरीने उपचार केले, उरलेल्यांची नेहमीची शुश्रूषा चालू ठेवली. उपचार मिळालेल्या रुग्णांची अस्वस्थता 17 टक्क्यांनी घटली, आणि त्यांतील बहुतेकांना पॅरासिटामॉलच्या पहिल्या पायरीपलीकडे जावे लागले नाही. उपचार थांबवल्यावर अस्वस्थता पुन्हा वाढू लागली, हा भाग मला विशेष बोलका वाटतो.

आता या तक्त्याच्या मर्यादाही मोकळेपणाने सांगते, कारण त्या न सांगता तो कुणाच्या हाती देणे योग्य नाही.

पहिली मर्यादा अशी की गुण म्हणजे वेदनेची तीव्रता नव्हे. बोलणारा रुग्ण दहापैकी आठ म्हणतो तेव्हा तो आपला अनुभव सांगत असतो. पेनॅडवरचे 8 म्हणजे बाहेर किती खुणा दिसल्या याची बेरीज. 1 ते 3 सौम्य, 4 ते 6 मध्यम, 7 ते 10 तीव्र अशी विभागणी अनेक ठिकाणी छापलेली असते, पण तिला भक्कम आधार नाही. एका रुग्णाच्या 5 गुणांची दुसऱ्याच्या 3 गुणांशी तुलना करून कुणाला जास्त दुखते हे ठरवू नये. तुलना त्याच रुग्णाची, त्याच हालचालीच्या वेळची, काल आणि आज अशी करावी. गुण 2 किंवा त्याहून अधिक आले की वेदना असू शकते असे धरून शोध सुरू करावा, हा संशोधकांनी सुचवलेला उंबरठा आम्ही पाळतो.

दुसरी मर्यादा याच्या उलट बाजूची आहे. भूक, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, थंडी, ओले डायपर, गोंगाट, एकटेपणाची धास्ती, यांपैकी काहीही असले तरी रुग्ण कण्हतो, चुळबुळतो आणि गुण वाढतात. तक्ता त्रास दाखवतो, त्रासाचे कारण दाखवत नाही. म्हणून गुण वाढलेले दिसताच गोळी देऊन मोकळे होणे हेही चूकच आहे. आम्ही आधी डायपर, पोट, लघवी, तोंड, टाचा आणि माकडहाडावरची कातडी पाहतो. मग हालचाल तुकड्या-तुकड्याने करून खूण कुठे उमटते ते शोधतो. एवढे करूनही कारण सापडले नाही आणि संशय राहिलाच, तर डॉक्टरांच्या संमतीने वेदनाशामक ठरावीक दिवस देऊन गुण उतरतात का ते पाहतो. उतरले तर तेही एक निदानच असते.

पण मला सर्वाधिक काळजी वाटते ती गप्प होणाऱ्या रुग्णांची. दुखू लागले की सगळेच ओरडत नाहीत. काही जण हलणेच सोडतात, कारण न हलल्याने कमी दुखते, हे शब्द हरवल्यावरही शरीराला कळते. आमच्याकडे एक आजोबा दोन दिवस घास तोंडात धरून बसत, चेहरा भिंतीकडे फिरवत, आणि तक्त्यावर त्यांना फार तर 1 गुण मिळे. कक्षात त्या दोन दिवसांत सर्वांनी ‘बरे झाले, आजोबा शांत झाले’ असेच म्हटले, त्यात मीही होते. तिसऱ्या दिवशी एका मदतनीस ताईंनी बॅटरी लावून तोंडात पाहिले, तेव्हा दाढेखाली पू झालेला दिसला. पेनॅडमध्ये निर्विकार चेहऱ्यालाही शून्यच मिळते. पार्किन्सनच्या रुग्णाचा चेहरा तर आजारामुळेच हलत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत चेहऱ्याचा रकाना जवळपास निरुपयोगी ठरतो. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णात श्वासाचा रकाना उलट बाजूने फसवतो. नाडी आणि रक्तदाब यांवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण जुनाट वेदनेत ते अनेकदा न वाढता तसेच राहतात.

यावर माझ्या माहितीतील उत्तम उतारा म्हणजे तक्त्याच्या मागच्या बाजूला प्रत्येक रुग्णाचे नेहमीचे वागणे लिहून ठेवणे. हे लिहिण्यासाठी घरच्यांना ‘यांना दुखते का’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. ‘पूर्वी यांचे डोके किंवा पाठ दुखायची तेव्हा हे काय करायचे’ असे विचारले की माणूस समोर उभा राहतो. कुणाचा मुलगा सांगतो, ‘बाबा दुखले की भांडायचे.’ कुणाची सून सांगते, ‘आई दुखले की हूं की चूं करायच्या नाहीत, पदर तोंडावर घेऊन पडून राहायच्या.’ ही दोन वाक्ये पाचही रकान्यांइतकी मोलाची आहेत. झोप, भूक, चालणे आणि माणसांत मिसळणे यांत झालेला बदल पेनॅडमध्ये नाही. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ॲबीच्या मोजपट्टीत वागण्यातील बदलासाठी वेगळा रकाना आहे. आपण कोणताही तक्ता वापरत असाल, तरी हा एक रकाना हाताने आखून जोडावा, असे मी सुचवीन.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. पाहून मोजणे हा विचारून झाल्यानंतरचा मार्ग आहे. स्मृतिभ्रंश म्हटले की विचारायचेच नाही, असा चुकीचा पायंडा पडला आहे. आजार मध्यम अवस्थेत असलेले कितीतरी रुग्ण ‘दुखतंय का’ याला होय किंवा नाही असे नेमके उत्तर देतात. फक्त प्रश्न एकच असावा, तो कानाजवळ, डोळ्यांत पाहून विचारावा आणि उत्तरासाठी सावकाश थांबावे. ‘वेदना’ हा शब्द त्यांना परका वाटू शकतो. ‘दुखतंय’, ‘ठणकतंय’, ‘आग होतेय’, ‘कळ येतेय’ यांपैकी एखादा शब्द लागू पडतो. प्रश्न आताविषयीच असावा, कालविषयी नको, कारण कालचे त्यांच्यापाशी उरलेले नसते.

आता माझी विनंती. तक्ता भरण्याची दहाची वेळ रद्द करून तो सकाळच्या अंघोळीच्या किंवा कपडे बदलण्याच्या वेळेला बांधावा, आणि गुणांशेजारी वेळ व हालचाल हे दोन शब्द लिहिणे सक्तीचे करावे. ‘8’ एवढेच लिहिलेले कुणाच्या उपयोगाचे नसते. ‘8, सकाळी सात, उजवा हात वर घेताना’ असे लिहिले की फिजिओथेरपिस्टपासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला पुढचे पाऊल कळते. वेदनाशामक तोंडाने दिल्यावर सुमारे तासाभराने, शक्य तितकी तीच हालचाल करून, दुसरे गुण घ्यावेत. आज आपल्या बहुतेक तक्त्यांना दुसऱ्या गुणांसाठी जागाच नाही, त्यामुळे औषध लागू पडले की नाही हे कागदावर कधीच उमटत नाही.

तक्ता भरण्याचा अधिकार मदतनीस ताई-दादांनाही द्यावा. रुग्णाला उचलतात, पुसतात, कूस बदलतात ते. कळ उमटते ती त्यांच्या हाताखाली. सही परिचारिकेची असू द्या, पण निरीक्षण ज्याचे, त्याचे नाव शेजारी असावे. त्यांना शिकवायला मोठी शिबिरे लागत नाहीत. आम्ही दोघी-दोघींनी एकाच रुग्णाला एकाच वेळी पाहून वेगवेगळे गुण लिहिले आणि मग कागद शेजारी ठेवून फरक का पडला ते बोललो. आठवडाभरात आमच्या गुणांमधील तफावत बहुधा एकाच्या वर जात नव्हती. सुरुवातीला सर्वाधिक वाद झाला तो पाचव्या रकान्यावर, कारण समजावून पाहिल्याशिवाय रुग्ण शांत होतो की नाही हे कळत नाही, आणि आम्ही कित्येकदा समजावून न पाहताच गुण लिहीत होतो.

शेवटची विनंती डॉक्टरांशी बोलून अमलात आणावी लागेल. कुठल्याही रुग्णाला वर्तनासाठी मनोविकाराचे औषध सुरू करण्यापूर्वी, अगदी तातडीचा धोका नसेल तर, हालचालीच्या वेळी भरलेले किमान दोन दिवसांचे तक्ते केस पेपरला जोडलेले असावेत. आमच्या आजींच्या बाबतीत हा नियम असता, तर त्यांना ती गोळी बहुधा लागलीच नसती.

आपल्या केंद्रात हे करून पाहायचे असल्यास, ज्यांच्या नोंदवहीत ‘सहकार्य नाही’ असे वारंवार लिहिलेले आहे, अशा एखाद्या रुग्णापासून उद्या सकाळी सुरुवात करता येईल. त्याला कोरा तक्ता, एक पेन्सिल आणि अंघोळीच्या वेळी बाजूला उभे राहून पाच मिनिटे फक्त पाहणारी एक सिस्टर एवढेच लागते.

आपली नम्र,
दीर्घकालीन शुश्रूषा कक्षातील एक परिचारिका